मेल्डेच्या प्रयोगात व्हायब्रेटरकडचा लूप आखूड का येतो, आणि नोडची एरर किती धरायची

प्रश्न: बीएससी फर्स्ट इयरला आहे. मेल्डेच्या प्रयोगात व्हायब्रेटर ते पुली 147 सेमी, हँगरसकट 550 ग्रॅम, दोरा मीटरला 0.96 ग्रॅम. दोन लूप छान दिसतात पण पुलीकडचा 75.1 सेमी आणि व्हायब्रेटरकडचा 71.9 येतो. दोन्ही सारखे यायला हवेत ना? पूर्ण लांबी धरली की फ्रिक्वेन्सी 50.9 येते, सेटिंग 50 हर्ट्झचं आहे. मॅडम म्हणाल्या नोडच्या पोझिशनची एरर लिही. मोजपट्टीची 1 मिमी लिहू का?

उत्तर:

1 मिमी लिहू नका. मोजपट्टी 1 मिमीपर्यंत वाचता येते हे खरं, पण नोड तितक्या बारीक जागेत दिसतच नाही. आणि तुमच्या लूपमधला 3.2 सेमीचा फरक तर वाचण्यातली चूक नाहीच, तो खरा आहे, दोरा तसाच हलतोय. म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक व्हायब्रेटरचं टोक नोड नसणं आणि दुसरी मधला नोड डोळ्याने नक्की कुठे आहे ते ठरवणं. पहिलीमुळे उत्तर एकाच बाजूला सरकतं, दुसरीमुळे मागेपुढे होतं. बॅचमध्ये बहुतेक जर्नलमध्ये या दोन्ही एकत्र कालवलेल्या असतात आणि शेवटी मानवी चूक असं लिहून विषय संपवलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फॉर्म्युला, कारण त्यातच एक गोंधळ लपलेला आहे. दोन्ही टोकं घट्ट धरलेल्या दोऱ्यासाठी

f = (n/2L) √(T/μ)

इथे n म्हणजे लूपची संख्या, L लांबी, T ताण, μ एक मीटर दोऱ्याचं वस्तुमान. सतारीसारख्या वाद्यात तार छेडून सोडून देतो, तेव्हा ताण वाढवला की f वाढते, कारण तिथे तार स्वतः फ्रिक्वेन्सी ठरवते. मेल्डेच्या प्रयोगात तसं नाही. इथे फ्रिक्वेन्सी व्हायब्रेटर ठरवतो, तुम्ही वजन कितीही टाका, दोरा 50 नेच हलणार. वजन वाढवल्यावर बदलतो तो लाटेचा वेग √(T/μ), आणि वेग वाढला की लूप लांब होतो. मग लूप लांब होत होत L मध्ये जेव्हा पूर्ण संख्येने बसतात तेव्हा दोरा जोरात फुगतो, त्यालाच आपण रेझोनन्स म्हणतो. म्हणून f आणि L कायम असताना n² गुणिले T हा आकडा कायम राहायला हवा, दोन लूपला 550 ग्रॅम लागत असतील तर तीनला साधारण 244, चारला 137, पाचला 88 च्या आसपास. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच तुमची चूक पकडता येईल.

आता फॉर्म्युल्यातली अट परत वाचा, दोन्ही टोकं घट्ट. पुलीचं टोक बऱ्यापैकी घट्ट आहे. व्हायब्रेटरचं टोक तर हलतंय, हललं नाही तर दोऱ्यात लाट येणार कुठून! दोरीच्या उड्या मारताना हात चार बोटं हलतो आणि दोरीचं पोट डोक्यावरून जातं, तसंच हे, टोक थोडं हलतं आणि मधला भाग खूप. म्हणजे दोऱ्याचा जो खरा नोड असायला हवा तो व्हायब्रेटरच्या टोकावर नसतो, त्याच्या थोडा मागे किंवा थोडा पुढे असतो. मागे असेल तर तो हवेत, दोरा नसलेल्या जागी, नुसता हिशोबातला नोड. तेव्हा व्हायब्रेटरकडचा लूप कापल्यासारखा आखूड दिसतो. तुमच्याकडे हेच झालंय.

किती मागे, हे काढता येतं. पुलीपासून x अंतरावर दोऱ्याचा ॲम्प्लिट्यूड A sin(2πx/λ) असा जातो. व्हायब्रेटरच्या टोकापाशी तो टोकाच्या स्वतःच्या हालचालीइतका असायला हवा, तिला a म्हणू. नोड टोकापासून δ अंतरावर असेल तर

a/A = sin(2πδ/λ)

तुमचे आकडे घाला. पुलीकडचा लूप 75.1, म्हणजे λ झाली 150.2. दोन पूर्ण लूपना 150.2 सेमी लागतात पण दोरा आहे 147, म्हणजे δ = 3.2 सेमी. त्यावरून a/A येतो साधारण 0.13. म्हणजे लूपच्या मध्यावर दोरा वरखाली मिळून 2 सेमी जाडीचा पट्टा दिसत असेल तर व्हायब्रेटरच्या टोकाला 2.6-2.7 मिमीचा पट्टा दिसायला हवा. हे आज लॅबमध्ये जाऊन बघा, टोकामागे काळा कागद आणि शेजारी पट्टी धरली की दिसतं. तेवढा दिसला तर तुमच्या 3.2 सेमीचं कारण सापडलं. एक अट आहे, हा हिशोब रेझोनन्सच्या अगदी माथ्यावर लागू होत नाही, कारण तिथे हवेचा आणि दोऱ्याच्या आतला विरोध ॲम्प्लिट्यूड अडवतो आणि टोक व दोरा एकाच तालात राहत नाहीत. थोडं बाजूला असताना मात्र चांगला जमतो, आणि तुम्ही बाजूलाच आहात.

बाजूला आहात म्हणजे काय, तर ताण जरा जास्त आहे. 147 सेमी मध्ये दोन लूप नीट बसवायचे तर लूप 73.5 चा हवा, त्याला साधारण 527 ग्रॅम लागले असते. पण कॉलेजच्या सेटमध्ये बहुधा 50-50 ग्रॅमच्या चकत्या असतात, त्यामुळे 500 किंवा 550 यातलं एक निवडावं लागतं. 550 वर 50 ग्रॅम म्हणजे ताणात 9 टक्के, लूपच्या लांबीत त्याच्या निम्मे, आणि दोन लूप मिळून साडेसहा-सात सेमीची उडी! म्हणजे नुसत्या चकत्या टाकून रेझोनन्स शोधला तर शेवटचा नोड व्हायब्रेटरच्या दोन-तीन सेमी इकडेतिकडे पडणार हे ठरलेलंच आहे.

याची खात्री एका मिनिटात होते. एक 50 ची चकती काढा. आता पुलीकडचा लूप साधारण 71.6 यायला हवा, आणि व्हायब्रेटरकडचं अंतर उलट मोठं, 75.4 च्या आसपास. शिवाय व्हायब्रेटरच्या पुढे तीन-चार सेमीवर दोऱ्यावरच एक छोटा नोड दिसेल आणि त्याच्या आणि टोकाच्या मध्ये एक तुकडा हलताना दिसेल. असं उलटं झालं तर मोजण्यात काही बिघडलेलं नाही, टोकाचा परिणाम आहे एवढंच. आणि नाहीच उलटलं, व्हायब्रेटरकडचा लूप दोन्ही वेळेस आखूडच राहिला, तर मग मोजपट्टीचा शून्य कुठे धरलाय ते बघा.

यावर उपाय दोन. एक, वजन तसंच ठेवा आणि व्हायब्रेटरचा स्टँड टेबलावर मागेपुढे सरकवा, 550 वर तो तीनेक सेमी मागे नेला की दोरा एकदम फुगेल आणि दोन्ही लूप जवळपास सारखे होतील. मी स्वतः मुलांना हेच करायला लावतो, चकत्यांशी झटापट करण्यापेक्षा सरकवणं कितीतरी बारीक जमतं. दुसरा उपाय म्हणजे टोकाच्या लूपकडे दुर्लक्ष करायचं, फक्त मधल्या नोडमधलं अंतर घ्यायचं. दोन लूपला मधला नोड एकच असतो त्यामुळे तिथे पुलीकडचा लूप घेण्यावाचून पर्याय नाही, पण तोही चालतो. तुमचाच आकडा बघा: T = 0.550 × 9.79 = 5.38 न्यूटन, वेग आला 74.9 मीटर प्रति सेकंद. λ पूर्ण लांबीवरून 1.47 धरली तर 50.9 हर्ट्झ, पुलीकडच्या लूपवरून 1.502 धरली तर 49.9.

आता मॅडमनी विचारलेली एरर. नोडपाशी दोरा स्थिर असतो हे पुस्तकातलं वाक्य, पण डोळ्याला तो एका बिंदूत स्थिर दिसत नाही, एका पट्ट्यात स्थिर दिसतो. कारण नोडजवळ ॲम्प्लिट्यूड हळूहळू वाढतो, दर सेमीला A × 2π/λ इतका. तुमच्याकडे A अंदाजे 10 मिमी धरला तर नोडपासून 1 सेमी दूर गेल्यावर दोरा जेमतेम 0.42 मिमी हलतो. दोऱ्याची स्वतःची जाडी अर्ध्या मिमीच्या आसपास असेल तर त्याच्या निम्म्या-पाऊण इतकी हालचाल डोळ्याला कळत नाही. अर्धा मिमी ही कळण्याची सीमा धरली तर नोडच्या दोन्ही बाजूंना 1.2 सेमी, म्हणजे एकूण 2.4 सेमीचा भाग शांत दिसतो. या अडीच सेमीत तुम्ही बोट कुठे ठेवता त्यावर रीडिंग ठरतं. त्यामुळे 1 मिमी लिहिणं म्हणजे जे माहीत नाही ते माहीत असल्याचं सांगणं.

पण 1.2 सेमी सुद्धा लिहू नका, ते फार जास्त होतं. शांत भागाची दोन्ही टोकं वेगवेगळी वाचायची, डावीकडून येताना धूसरपणा कुठे संपला आणि उजवीकडून येताना कुठे संपला, आणि त्याचा मध्य घ्यायचा. दोन्ही बाजूंचा उतार सारखा असल्यामुळे मध्य बराच पक्का मिळतो. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: कोरड्या ब्रशचं टोक किंवा बारीक सुई दोऱ्याला बाजूने हलकेच टेकवायची. नोडवर टेकवली तर लूप तसेच राहतात, नोड सोडून टेकवली की आकृती मरगळते. सुई सरकवत दोन्ही बाजूंना आकृती कुठे पडायला लागते ते बघून मध्य घ्या. मग पार्टनरला तेच करायला सांगा, तुमचा आकडा न सांगता. असं पाच-सहा वेळा केलं की रीडिंग किती पसरतात ते दिसतं, आणि नोडची एरर म्हणजे तो पसारा, पट्टीवरचा सर्वात छोटा भाग नाही. या सेटअपला 3-4 मिमी येणं स्वाभाविक आहे. तुमचा पसारा वेगळा असेल तर तुमचाच लिहा, दोऱ्याचा रंग, मागचा कागद, ट्यूबलाइट, सगळ्याने फरक पडतो.

यावरून कोणी विचारेल की मग अँटिनोड का नाही मोजायचा, तो तर ठळक दिसतो. ठळक दिसतो पण जागा सांगत नाही. लूपच्या माथ्यावर आकार सपाट असतो, 150 सेमीच्या लाटेत माथ्यापासून 3 सेमी बाजूला गेलं तरी ॲम्प्लिट्यूड 1 टक्काही कमी होत नाही. म्हणून जागा नेहमी नोडची.

व्हायब्रेटरचा आवाज वाढवून ॲम्प्लिट्यूड वाढवला तर नोड टोकदार होतो, कारण उतार A वर अवलंबून आहे. थोडा वाढवा. फार वाढवला की दोरा एका प्रतलात न हलता गोल फिरायला लागतो आणि मग वरून बघितलेला नोड आणि समोरून बघितलेला नोड एका जागी येत नाहीत, कारण पुलीच्या खाचेत दोरा वरखाली जितका घट्ट धरलेला असतो तितका आडवा नसतो. फिरताना दिसला की आवाज कमी करा, दुसरं काही करण्यात अर्थ नाही.

आणि नोड पूर्ण शांत कधीच होत नाही, व्हायब्रेटरच्या जवळचे नोड पुलीजवळच्यापेक्षा जास्त थरथरतात. पुलीकडून परत येणारी लाट वाटेत जरा क्षीण होते त्यामुळे दोन लाटा एकमेकींना पूर्ण खोडत नाहीत. याने नोड रुंद होतो पण जागा फारशी सरकत नाही, त्यामुळे याची काळजी नको.

आता लूप जास्त घेतले तर एरर कमी होते का? मुलं म्हणतात हो, कारण लूपच्या संख्येने भागतो. अर्धंच खरं आहे. दोन टोकांच्या नोडमधलं अंतर D आणि प्रत्येक नोडची एरर e असेल तर λ मधली सापेक्ष एरर √2 e/D इतकी येते, त्यात लूपची संख्या कुठेच नाही. D तर टेबलाएवढाच राहतो. खरा फायदा दुसरीकडे आहे: लूप छोटा झाला की नोडजवळचा उतार वाढतो म्हणजे e स्वतः कमी होते, आणि मधले नोड बरेच मिळतात त्यामुळे दोन्ही टोकं हिशोबातून काढून टाकता येतात.

समजा हँगरसकट 86 ग्रॅमवर पाच लूप आले आणि पुलीपासून चार मधले नोड 29.7, 59.0, 89.0, 118.3 सेमीवर मिळाले. हे नोडच्या क्रमांकासमोर ग्राफवर मांडा आणि सरळ रेषा काढा. उतार येतो 29.58, म्हणजे एक लूप. रेषा शून्याला 0.05 सेमीवर छेदते, म्हणजे पुलीचं टोक जिथे धरलं तिथेच नोड आहे, पुली प्रामाणिक आहे. आणि रेषा पुढे पाचव्या नोडपर्यंत नेली तर ती 147.95 दाखवते, व्हायब्रेटर तर 147 वर आहे, म्हणजे इथेही खरा नोड सुमारे एक सेमी मागे आहे. बिंदू रेषेपासून जास्तीत जास्त 2 मिमी दूर आहेत, तीच तुमची नोडची एरर, आणि कोणाचा अंदाज विचारायची गरज उरली नाही. त्यावरून लूप 29.58 ± 0.1 सेमी आणि f येते 50.1 हर्ट्झ. पूर्ण लांबीला पाचने भागलं असतं तर 50.4 आली असती.

पुलीच्या बाबतीत एवढंच, लांबी तिच्या कडेपासून मोजू नका, दोरा पुलीला जिथे पहिल्यांदा टेकतो त्या बिंदूपासून मोजा. रेषा शून्याऐवजी सेमी-दीड सेमीवर छेदली तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

आता ते n² T चं बघा. दोन लूपला 4 × 550 = 2200, पाचला 25 × 86 = 2150. फरक 2 टक्क्यांहून जास्त. पण n ऐवजी खऱ्या लूपच्या लांबीने बघितलं, म्हणजे ग्रॅम भागिले लूपचा वर्ग, तर 550/75.1² = 0.0975 आणि 86/29.58² = 0.0983, फरक 1 टक्क्याच्या आत. n² T चा फॉर्म्युला लूप L मध्ये पूर्ण बसतात असं गृहीत धरतो, तुमच्याकडे ते बसत नव्हते. हा ताळा जर्नलमध्ये जरूर लिहा, नोडची एरर तुम्हाला कळली आहे हे त्यावरून समोरच्याला दिसतं.

दोन लूपच्या रीडिंगची एकूण एरर अशी मांडा. मधला नोड 0.4 सेमी, पुलीचं टोक 0.3, दोन्ही वर्गांची बेरीज करून वर्गमूळ 0.5, म्हणजे 75.1 वर 0.7 टक्के. ताणाची एरर f मध्ये निम्मी होऊन येते कारण तो वर्गमुळात आहे. पुलीचं घर्षण बघायचं असेल तर व्हायब्रेटर बंद करा, दोऱ्याचं व्हायब्रेटरकडचं टोक सोडून त्यालाही तेवढंच वजन लटकवा आणि एका बाजूला एकेक ग्रॅम वाढवत जा, पुली कितीला हलते ते बघा. 5 ग्रॅमला हलली तर ताणात अंदाजे 1 टक्का, f मध्ये अर्धा. μ साठी दोन मीटर दोरा 0.01 ग्रॅमच्या तराजूवर तोलला तर अर्धा टक्का, f मध्ये पाव. सगळं मिळून 0.9 टक्के, म्हणजे f = 49.9 ± 0.5 हर्ट्झ. यात 50 आरामात बसतं. 50.9 या पट्ट्यात बसत नाही.

हे सगळं करूनही f दोन लूपला एका बाजूला आणि पाच लूपला दुसऱ्या बाजूला सरकत राहिली तर दोऱ्यावर संशय घ्या. सुती दोरा अर्ध्या किलोच्या वर वजनाखाली ताणला जातो, लांबला की मीटरला वस्तुमान कमी होतं, आणि तुम्ही μ मोजलेला असतो टेबलावर सैल पडलेल्या दोऱ्याचा. ताण न देता दोऱ्यावर पेनने एक मीटरवर दोन खुणा करा, मग 550 ग्रॅम लटकवून खुणांमधलं अंतर परत मोजा. 102 सेमी झालं असेल तर μ 2 टक्क्यांनी कमी धरायचा, आणि त्या वजनाच्या रीडिंगपुरताच, 86 ग्रॅमसाठी वेगळा मोजायचा.